बसचा पास, हातातले हजार रुपये आणि परीक्षेआधीच्या दहा बैठका: गणित मंडळात वीस मिनिटं बोलायचं असेल तर

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. निम्मी मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येतात, उरलेली रूम करून राहतात. गणित मंडळाच्या सरांनी मला "रोजच्या जगण्यातलं ऑप्टिमायझेशन" या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी बारावीच्या पुस्तकातलं लिनिअर प्रोग्रामिंग काढलं. फळ्यावर अक्ष काढले, चार असमानता लिहिल्या, मधला भाग रेघारेघांनी भरला आणि कोपऱ्यातल्या बिंदूंवर गोल केले. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, "एलपीपी आहे बे, झालं आपलं हे बारावीत." त्यानंतर लाईट गेली, पंखे थांबले आणि माझं भाषणही थांबलं.

पुढच्या वर्षी तेच भाषण पुन्हा करायची संधी मिळाली. त्या वेळी मी आलेख घरी ठेवला आणि तीन प्रश्न घेऊन गेलो. पास काढायचा की रोज तिकीट? हजार रुपयांत काय काय बसवायचं? परीक्षेला पाच दिवस राहिले असताना कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा? हे भाषण जमलं. तुमच्यावर अशी पाळी आली असेल, तर मी जे केलं ते क्रमानं खाली देतो. चुकलेल्या जागाही सांगतो.

## १. आदल्या दिवशी काय जमवायचं

सामान थोडंच लागतं, पण ते आधी जमवा:

- खडू आणि ओलं फडकं. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका. लाईट गेली तर फळा तरी असतो.
- तुमच्या मार्गावरचं एका फेरीचं तिकीट, मासिक विद्यार्थी पासाची किंमत आणि बसच्या वेळा. हे डेपोच्या पास खिडकीवर स्वतः विचारून लिहून घ्या. मित्राच्या तोंडचे आकडे घेतलेत तर सभेत कुणीतरी पास काढून दाखवतो आणि तिथंच भाषण मोडतं.
- एखाद्या विषयाच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. ग्रंथालयात मिळतात.
- कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, बाकागणिक एक.

पुढच्या उदाहरणांतले रुपये मी हिशेबाला सोपे जातील असे धरले आहेत. तुम्ही त्या जागी तुमच्या मार्गाचे खरे आकडे घाला.

## २. सुरुवात व्याख्येनं करू नका, तीन ओळींनी करा

फळ्याच्या डाव्या बाजूला तीन ओळी लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका:

1. माझ्या हातात काय आहे?
2. मला काय वाढवायचं किंवा कमी करायचं आहे?
3. माझे हात कशानं बांधलेत?

गणिताच्या भाषेत पहिल्या ओळीला निर्णयाचे चल म्हणतात, दुसरीला उद्दिष्ट आणि तिसरीला अटी. ही नावं एकदा तोंडानं सांगा आणि पुढे चला. मुलं फसतात ती नावांत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीची गल्लत करण्यात. "मला कमी पैशात आणि कमी वेळात जायचं आहे" असं सगळेच म्हणतात. पण स्वस्त बस उशिरा सुटते आणि लवकर पोचवणारा ऑटो महाग पडतो. अशा वेळी दोन्ही गोष्टी एकदम कमीत कमी होत नाहीत. मग एकीला उद्दिष्ट ठेवायचं आणि दुसरीला अट करायचं: "महिन्याला साडेसातशेच्या वर खर्च नको, आणि तेवढ्यात वेळ जितका वाचेल तितका वाचवायचा." वाक्य असं मांडलं की प्रश्न सोडवता येतो. हे वाक्य भाषणात दोनदा म्हणा.

## ३. पहिला प्रश्न: पास की तिकीट (पाच मिनिटं)

समजा गावापासून कॉलेजपर्यंत एका फेरीचं तिकीट ३० रुपये, म्हणजे जाऊन येऊन ६०. मासिक पास ६०० रुपये. पासाचे पैसे एकदाच जातात, मग महिनाभर गेलात काय आणि नाही गेलात काय. तिकिटाचे पैसे गेलेल्या दिवसांप्रमाणे लागतात. दोन्ही खर्च कुठे सारखे होतात? ६०० भागिले ६०, म्हणजे दहा दिवसांवर. महिन्यातून दहापेक्षा जास्त दिवस कॉलेजला जाणार असाल तर पास, नाहीतर तिकीट.

इथपर्यंत सगळ्यांना वाटतं की यात काय विशेष. आता विचारा, "मुलींसाठीही दहाच का?"

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे मुलीचे जाऊन येऊन ३० रुपये लागतात आणि तिच्यासाठी पास परवडायला वीसपेक्षा जास्त दिवस लागतात. बस तीच आणि अंतरही तेच, पण तिसऱ्या ओळीतला एक आकडा बदलला आणि उत्तराची रेघ दहावरून वीसवर सरकली. (श्रोत्यांत अकरावी-बारावीच्या मुली असतील तर त्यांना आधीच विचारून घ्या. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास त्यांच्याकडे असतो आणि त्यांच्यापुरता हा प्रश्नच उरत नाही. मी न विचारता बोललो आणि पहिल्या रांगेतल्या चार मुली हसल्या.)

आता दोन महिने घ्या. ऑगस्टमध्ये कॉलेजचे दिवस २३ धरा. मुलीचं तिकीट ६९० होतं, तर पास ६००, म्हणून तिनंही पासच काढावा. दिवाळीनंतर घरी कापूस वेचायला हात लागतात हे आपल्याकडे सांगायला नको. नोव्हेंबरात समजा १३ दिवसच कॉलेजला जाणं होतं. मुलीचे तिकिटाचे ३९० होतात, पास काढला तर २१० वाया जातात. मुलाला मात्र १३ दिवसांचे ७८० लागतात, त्याला तेव्हाही पासच बरा. "पास काढायचा का" या प्रश्नाचं वर्षभराचं एक उत्तर नसतं. दर महिन्याच्या एक तारखेला वहीत दिवस मोजायचे.

इथं हमखास एक चूक होते: दिवस कॅलेंडरवरून मोजले जातात. मोजायचे ते आपण खरोखर जाणार ते दिवस. गेल्या महिन्याची हजेरी हा त्याचा बरा अंदाज आहे, आपला निश्चय नव्हे.

## ४. त्याच प्रश्नाची दुसरी पायरी: पुढचा रुपया कुठे घालायचा

पास काढला, ६०० गेले. साडेसातशेची अट आहे, म्हणजे १५० उरले. फाट्यावरून गावापर्यंत शेअर ऑटो ५० रुपये घेतो. महिन्यातून तीन वेळा ऑटोनं घरी जाता येईल. कोणत्या तीन दिवशी?

"ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी" हे उत्तर येणारच. ते येऊ द्या, मग फळ्यावर वेळापत्रक लिहा. बुधवारी तास साडेबाराला संपतात, बस साडेतीनला असते आणि ऑटो भरायला अर्धा तास लागतो. म्हणजे बुधवारी ऑटोनं अडीच तास वाचतात. बाकीच्या दिवशी तास पावणेतीनला संपतात, बस तीच साडेतीनची. ऑटो भरेपर्यंत सव्वातीन होतात, म्हणून वाचतात फक्त पंधरा मिनिटं.

तिन्ही वेळा बुधवारी ऑटो केला तर साडेसात तास वाचतात. तेच १५० रुपये कंटाळ्याच्या दिवशी घातले तर पाऊण तास. चौथ्या बुधवारी ग्रंथालयात बसायचं.

आता फळ्यावर उजव्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा: पुढचा रुपया तिथं घालायचा, जिथं तो सर्वांत जास्त देतो. पुढचा सगळा वेळ या एका वाक्याची परीक्षा घेण्यात जातो. हे वाक्य कुठे लागू पडतं आणि कुठे फसतं हे दाखवणं, एवढंच तुमच्या भाषणाचं काम आहे. मुलांना नियम आवडतो, पण तो मोडताना बघायला जास्त आवडतो.

## ५. दुसरा प्रश्न: हजार रुपये (चार मिनिटं)

आधी एक सूचना, गणिताबाहेरची. सभेत कुणालाही "घरून महिन्याला किती येतात" असं विचारू नका. मी विचारलं होतं. ज्या मुलाला विचारलं त्यानं मान खाली घातली आणि पुढची पाच मिनिटं वर्गात कुणीच बोललं नाही. आकडा तुम्हीच द्या: "रूमचं भाडं, मेस सगळं देऊन एकाच्या हातात हजार रुपये उरले."

त्याला तीन गोष्टी हव्या आहेत. नेटपॅक ३०० चा, संदर्भपुस्तक ५०० चं, आणि सायकलचं टायर-ट्यूब बदलायचं आहे, त्याला ५००. प्रत्येक गोष्ट त्याला किती उपयोगाची, हे त्यानंच गुण देऊन सांगितलं असं धरा: नेटपॅक ९, पुस्तक १४, सायकल १३.

आता उजव्या बाजूचा नियम लावा. शंभर रुपयांमागे नेटपॅक ३ गुण देतं, पुस्तक २.८ आणि सायकल २.६. नियमाप्रमाणे आधी नेटपॅक, मग पुस्तक. ८०० संपले, गुण झाले २३. उरलेल्या २०० मध्ये टायर येत नाही. पण नेटपॅक सोडून पुस्तक आणि सायकल घेतली तर बरोबर हजार लागतात आणि गुण होतात २७.

नियम फसला. का? "अर्धं टायर मिळत नाही ना," असं कुणीतरी म्हणतंच, आणि तेच खरं उत्तर आहे. ऑटोच्या वेळी १५० रुपयांचे बरोबर तीन समान तुकडे पडत होते. इथं वस्तू अख्ख्या घ्याव्या लागतात आणि मागे मोकळी जागा उरते. गणितात याला नॅपसॅक म्हणतात, म्हणजे पाठीवरची पिशवी: वजनाची मर्यादा ठरलेली आणि त्यात काय भरायचं ते ठरवायचं. वस्तू तीनच असतील तर सगळ्या जोड्या मांडून बघणं हाच सरळ मार्ग. तीन वस्तूंच्या घ्या-सोडा अशा एकूण आठच शक्यता असतात. दहा वस्तूंच्या १०२४ होतात, तिथं मात्र कॉम्प्युटरला काम द्यावं लागतं. हे एका वाक्यात सांगून सोडा. मी इथं फांद्यांचं झाड काढत बसलो होतो आणि अभ्यासाच्या प्रश्नाला वेळच उरला नव्हता.

"गुण कुणी ठरवले? १४ च का?" हा प्रश्न आला तर तो टाळू नका. सायकलला १३ ऐवजी ८ दिले तर पुस्तक-सायकलचे २२ होतात आणि नेटपॅक-पुस्तक २३ नं जिंकतं. आकडा जरा हलवून उत्तर बदलतं का ते बघायचं. सायकलला ९ पेक्षा जास्त देणाऱ्या कुणालाही उत्तर तेच येतं, म्हणून १३ की १२ यावर भांडायचं कारण नाही.

वर्ग हसवायचा असेल तर इथं जॉर्ज डँट्झिगची गोष्ट सांगा. १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धत काढणारा तो हाच. बारावीचं एलपीपी मोठ्या प्रमाणावर सोडवायची ती पद्धत. पुढे १९५० च्या दशकात डॉक्टरांनी त्याला वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यानं स्वतःच्या आहाराचंच गणित मांडलं. उष्मांक मर्यादेत ठेवायचे आणि पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटलं पाहिजे, असं त्याला हवं होतं. पोट भरणं कसं मोजायचं? पदार्थाच्या वजनातून पाणी वजा करून. कॉम्प्युटरनं उत्तर दिलं: रोज ५०० गॅलन व्हिनेगर प्या. त्याच्या तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलं गेलं होतं. व्हिनेगर काढून टाकल्यावर पुढचं उत्तर आलं ते रोज सूपच्या २०० वड्यांचं. वड्यांवर वरची मर्यादा घालायची कुणालाच सुचली नव्हती, कारण कुणी माणूस इतकं मीठ खाईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ही गोष्ट सांगून फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवा. जी अट आपल्याला इतकी उघड वाटते की आपण ती लिहीतच नाही, तीच राहून जाते. आपल्या बस-ऑटोच्या गणितातही अशी एक राहिली होती: बाजाराच्या दिवशी साडेतीनच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आमच्या सभेत हे मी नाही, समोरच्या एका मुलानं सांगितलं. "सर, बाजाराच्या दिवशी बस सोडाच लागते." तुमच्याकडेही कुणीतरी सांगेल, तेवढी जागा ठेवा.

## ६. तिसरा प्रश्न: दहा बैठका (आठ मिनिटं)

भाषणाचा खरा गाभा इथं आहे, म्हणून आधीचं सगळं बारा मिनिटांत आटपलेलं हवं.

परीक्षेला पाच दिवस आहेत. रोज मनापासून चार तास होतात, म्हणजे वीस तास. दोन तासांची एक बैठक धरली तर दहा बैठका. विषय तीन. प्रत्येक विषयाला पुढची बैठक दिली तर किती गुण वाढतील, याचा अंदाज फळ्यावर असा मांडा:

| विषय | आत्ता येतील | १ ली बैठक | २ री | ३ री | ४ थी | ५ वी | ६ वी |
|---|---|---|---|---|---|---|---|
| गणित | २० | ८ | ७ | ६ | ४ | ३ | २ |
| फिजिक्स | २८ | ६ | ५ | ४ | ३ | २ | १ |
| इंग्रजी | ४० | ५ | २ | १ | १ | ० | ० |

आकडे डावीकडून उजवीकडे उतरत जातात, हे आधी दाखवा. पहिल्या बैठकीत आपण सोपे आणि हमखास विचारले जाणारे धडे करतो. सहाव्या बैठकीपर्यंत उरतात ते अवघड आणि क्वचित येणारे. म्हणून तोच दोन तासांचा वेळ कमी कमी देतो.

चिठ्ठ्या आत्ता वाटा. प्रत्येक बाकानं दहा बैठका तीन विषयांत वाटायच्या आणि एकूण वाढलेले गुण लिहायचे. दोन मिनिटं द्या. वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या.

चिठ्ठ्यांत तीन तऱ्हा दिसतात. काही जण सारखं वाटतात, चार-तीन-तीन: गणिताचे २५, फिजिक्सचे १५, इंग्रजीचे ८, एकूण ४८. काही जण आवडीच्या विषयाला झुकतं माप देतात. इंग्रजीला पाच, फिजिक्सला तीन, गणिताला दोन बैठका दिल्या तर ९, १५ आणि १५ मिळून ३९ होतात. आणि एखादा बाक आपल्या उजव्या बाजूच्या नियमानं जातो: दर वेळी तक्त्यातला मोठ्यातला मोठा उरलेला आकडा उचलायचा. ८, ७, ६, ६, ५, ५, ४, ४, ३, ३. गणिताला पाच बैठका, फिजिक्सला चार, इंग्रजीला एक. एकूण ५१. याहून जास्त या तक्त्यात कुणालाच काढता येणार नाही. वर्गाला आव्हान द्या, दोघे-तिघे नक्की प्रयत्न करतात.

आता थांबून एक गोष्ट दाखवा, कारण ती कुणाच्याच लक्षात येत नाही. ५१ वाल्या वाटणीत प्रत्येक विषयाची पुढची बैठक किती देते? गणिताची सहावी २, फिजिक्सची पाचवी २, इंग्रजीची दुसरी २. तिन्हीकडे सारखं. आपली वाटणी बरोबर आहे का, हे तपासायची खूण हीच. एका विषयाची पुढची बैठक पाच गुण देत असेल आणि दुसऱ्याची शेवटची बैठक एकच देत असेल, तर ती बैठक इकडून तिकडे हलवायची. हलवून काही मिळत नाही अशी जागा आली की थांबायचं. तिन्ही आकडे नेहमी इतके तंतोतंत जुळतील असं नाही, पण जवळपास यायला हवेत.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची आहे. सारखं वाटणाऱ्यांना ४८ मिळाले आणि उत्तम वाटणीला ५१. फरक तीनच गुणांचा. उत्तम जागेच्या आसपास जमीन सपाट असते, एखादी बैठक इकडेतिकडे झाली तरी फार बिघडत नाही. बिघडतं ते आवडीच्या विषयात पाच बैठका बसून राहिल्यावर, बारा गुणांनी. त्यामुळे वेळापत्रक आखण्यातच अर्धा दिवस घालवणाऱ्या मित्राला हा तक्ता दाखवा. त्याची एक बैठक तिथंच गेलेली असते, आणि तीन गुणांसाठी.

नियम पुन्हा फसतो तो इथं. तक्त्याखाली चौथी ओळ जोडा: केमिस्ट्री, बैठकांप्रमाणे ०, १, ६, ९. असा एक विषय प्रत्येकाचा असतो. वर्षभर वही उघडलेली नसते, पहिल्या दोन बैठका नुसतं काय चाललंय ते कळण्यात जातात आणि मग एकदम दार उघडतं. आपला नियम पहिल्या बैठकीचा शून्य बघून या विषयाकडे कधी वळणारच नाही. पण चार बैठका एकगठ्ठा घेतल्या तर केमिस्ट्री १६ गुण देते. त्या चार बैठका मोकळ्या करायला आधीच्या वाटणीतल्या सर्वांत हलक्या चार सोडाव्या लागतील: ३, ३, ४, ४, म्हणजे १४ गुण. १४ देऊन १६ घेतले, दोनचा फायदा.

हे टायरसारखंच झालं. अर्धं टायर मिळत नाही, तसं अर्धी केमिस्ट्री मिळत नाही. एका वेळी एक बैठक उचलत जायचा नियम तेव्हाच चालतो, जेव्हा आकडे डावीकडून उजवीकडे उतरत जातात. चढत असतील तर तो तुकडा अख्खा धरून तोलायचा. आणि केमिस्ट्रीला दोनच बैठका देऊन सोडून देणं हे सर्वांत वाईट: दोन बैठका गेल्या, हाती एक गुण. आमच्या रूमवर दर परीक्षेला हेच होतं.

उत्तीर्ण होण्याची अटही तिसऱ्या ओळीत लिहा. केमिस्ट्रीत आत्ता २० गुण येतील आणि पास व्हायला ३२ लागतात असं धरलं, तर चार बैठकांनंतर ३६ होतात, तीनच दिल्या तर २७. म्हणजे हा विषय घेतला तर चारही बैठका द्याव्या लागतील. एकूण गुणांचा फायदा दोनचाच दिसतो, पण एक पेपर राहण्याचं टळतं. ज्याला पास व्हायचं आहे त्याचं दुसऱ्या ओळीतलं उद्दिष्ट "एकूण गुण" हे नसतंच. "सगळ्या विषयांत पास, आणि मग एकूण गुण" असं असतं.

## ७. हे आकडे आणायचे कुठून

प्रश्नोत्तरांत हा प्रश्न पहिला येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर घ्या. कोणत्या युनिटवर किती गुणांचे प्रश्न येतात ते प्रत्येक युनिटसमोर लिहा. मग त्या युनिटला स्वतःला किती बैठका लागतील ते लिहा. गुणांना बैठकांनी भागलं की त्या युनिटचा भाव निघतो. विषयातली युनिटं भावाच्या उतरत्या क्रमानं लावली की वरच्या तक्त्यातली एक ओळ तयार होते.

अंदाज चुकतो, आणि तो एकाच दिशेनं चुकतो: लागणाऱ्या बैठका आपण कमी धरतो. मी पहिल्या दिवशीच्या दोन बैठका मोजून घेतो. दोन बैठकांचं काम तीनमध्ये झालं, तर उरलेल्या सगळ्या युनिटांच्या बैठका दीडपट करून तक्ता पुन्हा मांडतो. पाच दिवसांचं वेळापत्रक पहिल्या दिवशी एकदाच आखून भिंतीला चिकटवणारे इथं फसतात.

एक बंधन मात्र तक्त्यात येत नाही. रात्री अकरानंतरची बैठक सकाळच्या बैठकीइतकं देत नाही. तिला निम्मं धरा, किंवा मोजूच नका.

## ८. शेवटची दहा मिनिटं: येणारे प्रश्न

"याचं ॲप नाही का?" असं कुणीतरी विचारतं. स्प्रेडशीटमध्ये तक्ता भरून हवं ते करता येतं, पण तीन विषय आणि दहा बैठकांना खडू पुरतो. वाद घालू नका.

"दोघं मिळून पेट्रोल भरून बाईकनं आलो तर?" हा प्रश्न आला तर त्यालाच फळ्याजवळ बोलवा आणि तीन ओळी त्याच्याकडून भरून घ्या. आमच्याकडे त्या मुलानं पेट्रोल लिहिलं आणि हात झटकले. मग दुसऱ्यानं पंक्चर सांगितलं, तिसऱ्यानं विचारलं की त्याचा तास लवकर संपला तर दुसऱ्यानं काय करायचं. पाच मिनिटांत त्यांनी स्वतःच गणित पुरं केलं. मी काही बोललो नाही.

मला अडवलं ते एका मुलीच्या प्रश्नानं. ती पुसद रस्त्यावरच्या एका खेड्यातून येते. ती म्हणाली, "दादा, तुमच्या सगळ्या हिशेबात बस येते. आमच्याकडे आलीच नाही तर?"

तिचं खरं होतं. मी फळ्यावर लिहिलेल्या वेळा ठरलेल्या होत्या. बस ठरलेल्या नसतात. रोजच्या कॉलेजला याचं उत्तर सोपं आहे: महिन्यातून दोनदा बस चुकली तर दोन दिवसांचं नुकसान, ते सरासरीत धरायचं. परीक्षेच्या दिवशी सरासरी चालत नाही, कारण पेपर एकदाच असतो. त्या दिवसापुरती दुसरी ओळ बदलायची. "वेळ कमीत कमी" पुसून लिहायचं, "वाईटात वाईट झालं तरी पेपरला पोचलं पाहिजे." मग हिशेब असा बसतो: पेपर साडेनऊला, नेहमीची बस आठची. ती आली नाही तर पुढची सव्वादहाची, म्हणजे पेपर गेला. सहा चाळीसची बस पकडली आणि ती आली नाही, तरी आठची हातात राहते. दोन्ही आल्या नाहीत तर फाट्यावरून ऑटोला पन्नास रुपये लागतात, ते पन्नास पेपर संपेपर्यंत खिशातून काढायचे नाहीत. सहा चाळीसची बस आली तर कॉलेजच्या पायऱ्यांवर दोन तास बसावं लागतं.

"मग डबा घेऊनच येतो," ती म्हणाली.